बॅटन पोचतो तेव्हा खुर्ची चालती हवी

शाळेत रिलेचा तास असला की व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाच्या हातात बहुतेक वेळा स्टॉपवॉच दिलं जातं. सर जरा उत्साही असले तर एखादा धडधाकट मुलगा मागून खुर्ची ढकलत धावतो आणि बसलेला मुलगा मांडीवरचा बॅटन दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. कधी त्याला शेवटचे दहा मीटर देतात आणि त्याच्या संघाचा निकाल कोणीच मोजत नाही. तिन्ही वेळा मूल मैदानावर हजर असतं, टाळ्याही मिळतात, पण रिले त्याच्याशिवायच होते.

शाळेच्या मैदानावर बरीच वर्षं शिकवल्यावर मी एक साधी कसोटी वापरायला लागलो. ते मूल त्या दिवशी गैरहजर असतं तर त्याच्या संघाचा निकाल बदलला असता का? उत्तर 'नाही' असेल तर तो तास पुन्हा आखावा लागतो. आखणी करताना दुसरा प्रश्न यायला हवा : त्या मुलाने बॅटन घेतला का आणि दिलाही का? रिले शिकवायची ती या देवघेवीसाठी. वेगाने पळायला मुलांना शंभर मीटरच्या शर्यतीतही शिकवता येतं. पळत्या माणसाकडून पळत्या माणसाकडे, वेग न मोडता वस्तू पोचवणं फक्त रिलेतच शिकता येतं. म्हणून फेरफार करायचा तो देवघेवीत.

मोठ्या स्पर्धांनी हा प्रश्न सोडवलेला आहे. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे 2021 साली झालेल्या 2020 च्या स्पर्धेत, 4×100 मीटरची युनिव्हर्सल रिले पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली. संघात दोन पुरुष आणि दोन स्त्रिया. पहिला टप्पा दृष्टिबाधित धावपटूचा, दुसरा हातापायाची उणीव असलेल्याचा, तिसरा सेरेब्रल पाल्सीसारख्या कारणाने हालचालींचा मेळ कमी असलेल्याचा आणि चौथा व्हीलचेअरवरच्या खेळाडूचा. अमेरिकेच्या संघाने 45.52 सेकंदांत ती जिंकली तेव्हा शेवटचा टप्पा टटियाना मॅकफॅडन हिने खुर्चीवरून पार केला. या शर्यतीत बॅटन नसतो. येणाऱ्याने जाणाऱ्याला ठरलेल्या पट्ट्यात स्पर्श करायचा, एवढाच नियम. चाकं फिरवायला दोन्ही हात लागतात, म्हणून बॅटनच काढून टाकला, पण वेग न मोडता देवघेव करायचं कौशल्य पूर्ण शिल्लक ठेवलं.

शाळेतली खुर्ची मात्र मॅकफॅडनच्या तीन चाकी, लांब नाकाच्या शर्यती खुर्चीसारखी नसते. ती असते घडीची साधी खुर्ची, पंधरा-वीस किलो वजनाची, मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन छोटी फिरती चाकं असलेली. तिचा स्वभाव भाजीच्या हातगाडीसारखा आहे : हलवायला जड, पण एकदा चालू लागली की थोड्या जोरावर चालत राहते. धावणाऱ्या मुलाला थांब्यावरून पूर्ण वेगात यायला फारसा वेळ लागत नाही. खुर्चीवरच्या मुलाचे पहिले चार-पाच धक्के फक्त खुर्ची जागची हलवण्यात जातात. म्हणून रिलेत सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते खुर्ची थांबवून बॅटन दिल्याने, आणि सगळ्यांत मोठा फायदा होतो तो चालत्या खुर्चीत बॅटन पोचवल्याने. या एका गोष्टीवर अख्खा तास उभा करता येतो.

उदाहरणासाठी सातवीचा एक वर्ग घेऊ. मुलं बत्तीस, चार-चारचे आठ संघ. एक मुलगी व्हीलचेअर वापरते. तिचे दोन्ही हात चांगले बळकट आहेत, पाठ सरळ राहते आणि शाळेत ती स्वतःच खुर्ची चालवत फिरते. मैदान नेहमीचंच : मधे मुरूम, कडेला इमारतीला लागून पेव्हर ब्लॉकचा रस्ता. आकडे उदाहरणाचे आहेत. प्रत्येक शाळेत ते वेगळे येतील, पण हिशेब हाच राहील.

तासाच्या आदल्या दिवशी मैदान बघायचं. मोकळी खुर्ची घेऊन मुरमावर एक धक्का द्यावा आणि तेवढ्याच जोराचा एक धक्का पेव्हर ब्लॉकवर. ती किती लांब जाऊन थांबते ते पावलांनी मोजावं. फरक एवढा असतो की पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. भुसभुशीत मातीत किंवा सुट्या खडीत पुढची छोटी चाकं रुततात, खुर्ची जागीच थबकते आणि बसलेलं मूल पुढे फेकलं जातं. मुलं खुर्चीतून पडतात ती बहुधा अशीच, आणि तेही पूर्ण वेगात असताना. मग उतार बघायचा. डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता पावसाचं पाणी जावं म्हणून एका बाजूला कललेला असतो. चेंडू ठेवला की तो सांगतो. असा आडवा उतार असेल तर खुर्ची सारखी एका बाजूला ओढली जाते आणि मुलाचा एकच हात दुप्पट काम करतो. शेवटी गटाराच्या जाळ्या बघाव्यात. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर छोटं चाक नेमकं त्यांच्या फटीत जाऊन अडकतं. ती जागा मार्गातून वगळायची किंवा फळी टाकून झाकायची.

आपल्या उदाहरणातल्या शाळेत मैदानाभोवती चाळीस बाय वीस मीटरचा आयत आखला, म्हणजे फेरी एकशेवीस मीटरची झाली. प्रत्येकाला तीस मीटर. आयताची एक लांब बाजू पेव्हर ब्लॉकवर येते, तिथे तिसरा टप्पा ठेवला आणि तो या मुलीचा. वळणं इतर टप्प्यांत गेली. शाळांमध्ये सहसा रिले घेतात ती जाऊन-येऊन, म्हणजे समोरच्या विटेला वळसा घालून परत यायचं. खुर्चीला ती पद्धत सगळ्यांत वाईट. वळसा घालताना कमावलेला सगळा वेग जातो, आणि परत तेच जड पहिले धक्के. एकाच दिशेने जाणारा मार्ग घेतला की हा प्रश्नच उरत नाही, आणि धावणाऱ्या मुलांनाही खरी रिले अशीच शिकता येते. पट्टा रुंद हवा. मैदानी स्पर्धेतला 1.22 मीटरचा पट्टा खुर्चीला पुरतो, पण ढकलताना कोपरं बाहेर येतात आणि शेजारून बॅटन द्यायला माणूस यायचा असतो. दोन-अडीच मीटर ठेवले की कोणाला कोणाची धास्ती राहत नाही. टप्प्याच्या पुढे पाच-सहा मीटर मोकळी जागा सोडायची, भिंत किंवा फाटक नको. वेगात असताना खुर्चीचा दांड्याचा ब्रेक ओढायचा नसतो, तो खुर्ची उभी ठेवायचा ब्रेक आहे. थांबायचं ते तळवे कडीवर दाबून, आणि त्याला अंतर लागतं.

खुर्चीची तपासणी दोन मिनिटांची असते, पण ती कोणी करत नाही. मागच्या टायरमध्ये हवा आहे का ते अंगठ्याने दाबून बघायचं. अर्धवट हवेच्या टायरवर मूल दुप्पट जोर लावतं, आणि आपण समजतो की त्याच्यात ताकद नाही. पायपट्ट्या घट्ट आहेत का, पाय त्यांवरून घसरत असतील तर पट्टा बांधला आहे का, हेही पाहायचं. गणवेशाची ओढणी असेल तर ती तासापुरती काढून ठेवायची किंवा कुर्त्याच्या आत खोचायची, कारण लोंबतं टोक आऱ्यांत गेलं तर गळ्यालाच ओढ बसते. हातांना सायकलस्वार वापरतात तसे अर्ध्या बोटांचे मोजे चांगले. नसतील तर अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधे साधी चिकटपट्टी लावावी. पहिला फोड तिथेच येतो.

या सगळ्याच्या आधी त्या मुलीशी बोलायला हवं, वर्गासमोर नाही, एकटीशी. तिला काय करावंसं वाटतं, कुठल्या हाताने वस्तू पकडणं सोपं जातं, आधी कधी वेगात खुर्ची चालवली आहे का, मागून कोणी आलं तर दचकायला होतं का. सर्वांत उपयोगी माहिती या संभाषणात मिळते, आणि पुष्कळदा मूलच मार्ग सुचवतं. आई-वडिलांना दोन गोष्टी विचारायच्या : डॉक्टरांनी श्रमाबद्दल काही सांगितलं आहे का, आणि कमरेखाली स्पर्श कळतो का. पाठीच्या कण्याचा त्रास असलेल्या काही मुलांना पायाला खरचटलेलं जाणवत नाही, म्हणून तासानंतर घरी एकदा पाय बघायला सांगावं लागतं. अशाच काही मुलांना घामही नीट येत नाही. त्यांचा तास सकाळी पहिला ठेवावा.

आता देवघेव. खुर्ची ढकलताना हात कडीच्या वरच्या टोकाच्या जरा मागे पकडतात, पुढे ढकलत नेतात, सोडतात आणि मोकळे परत मागे येतात. या परतीच्या क्षणी हात रिकामा असतो. बॅटन घ्यायचा तो तेव्हाच. तिने मागे वळून बघायचं नाही. बघितलं की खांदा वळतो आणि खुर्ची तिरकी जाते. मागून येणाऱ्याने ठरलेल्या क्षणी 'घे!' अशी हाक द्यायची, तिने चालू असलेला धक्का पूर्ण करायचा आणि ठरलेला हात बाजूला, जरा मागे, तळवा वर करून धरायचा. बॅटन हातात आला की तो दोन मांड्यांच्या मधे खोचायचा आणि परत दोन्ही हात कडीवर. यात एक धक्का चुकतो, तेवढा चुकू द्यावा. मांडीवर बॅटन टिकत नसेल तर कमरेला बांधायची पुढच्या खिशाची कापडी पिशवी शिवून घ्यावी. पिशवी खुर्चीच्या बाहेरच्या बाजूला कधीही टांगू नये, ती चाकात जाते.

एक हात उचलल्यावर जिचा तोल जातो अशा मुलीसाठी पॅरालिम्पिकचा मार्ग आहे : बॅटन नाही, खांद्याला स्पर्श. पण मग तो नियम सर्व संघांना, सर्व टप्प्यांना लावावा. एकाच मुलीसाठी वेगळा नियम केला की तिचा टप्पा मुलांच्या डोळ्यांत लुटुपुटीचा होतो. सगळेच स्पर्शाने खेळले की तो खेळाचा नियम होतो.

कुठून यायचं हे कटाक्षाने शिकवावं लागतं. बॅटन घेऊन येणारा मुलगा खुर्चीच्या थेट मागे आला तर मागच्या मुठींवर आपटतो, किंवा सवयीने त्या धरून ढकलतो. म्हणून नियम असा की मुठींना हात लागला तर संघ बाद. तो बाजूने येतो, त्या बाजूच्या चाकापासून एक हात अंतर ठेवून. बॅटन पुढे जातानाची खबरदारी याहून मोठी आहे. चौथ्या टप्प्याचा धावक नेहमीच्या सवयीने खुर्चीच्या पुढे, हात मागे करून उभा राहिला तर लोखंडी पायपट्टी त्याच्या टाचेवर बसते. ही जखम वाईट असते. त्याने कायम बाजूच्या वेगळ्या रेघेवर उभं राहायचं. चुन्याच्या फक्कीने ती रेघ आखून द्यावी, म्हणजे तोंडी सांगण्यावर काही राहत नाही.

पुढचा प्रश्न असा की तिने निघायचं कधी. रिलेत घेणारा आधी निघतो, आणि कधी निघायचं याची खूण जमिनीवर केलेली असते. धावकाला धावकाकडून घेताना ही खूण मागे चार-पाच पावलांवर असते. आपल्या मुलीला बदलाच्या पट्ट्यात पहिले चार मीटर जाऊन थोडा वेग यायला साधारण चार सेकंद लागतात. येणारा मुलगा सेकंदाला पाच मीटर पळतो, म्हणजे तेवढ्यात तो वीस मीटर येणार. तिने चार मीटर गेलेलं असताना त्याने तिला गाठायला हवं, म्हणून तो तिच्या रेघेपासून सोळा मीटर मागे असतानाच तिने निघायला हवं. त्याचा निम्मा टप्पा अजून बाकी असतो. मुलांना हे पहिल्यांदा अशक्य वाटतं. 'एवढ्या आधी निघाली तर पट्ट्याबाहेर जाईल' असं ते म्हणतात, म्हणून करून दाखवावं लागतं. पट्टा दहा मीटरचा ठेवावा. ती बाहेर गेलीच तर खूण दोन मीटर पुढे सरकवायची, आणि तो येईपर्यंत ती वाट पाहत राहिली तर दोन मीटर मागे न्यायची. चार-पाच वेळा केलं की खूण बसते.

बॅटन देताना उलट प्रकार होतो. ती सेकंदाला दोन मीटर वेगाने येते, आणि चौथा धावक नेहमीसारखा सुटला तर तिला कधीच सापडणार नाही. त्याने ती अगदी जवळ, मीटरभर मागे असताना निघायचं, पहिली दोन पावलं संथ टाकायची आणि बॅटन हातात आल्यावर सुटायचं. तिने शेवटच्या धक्क्यानंतर खुर्ची आपोआप चालू द्यायची, मांडीतला बॅटन काढायचा आणि बाजूला पुढे धरायचा. सपाट जागेवर खुर्ची तेवढा वेळ सरळ जाते, म्हणून बदलाचा पट्टा उतारावर आखू नये.

आता निकालाचा प्रश्न, आणि बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. तीस मीटरला बाकीच्या मुलांना सहा सेकंद आणि हिला अठरा, मग तिचा संघ हरणारच. दोन-तीनदा हरला की मुलं तिला संघात घ्यायला कुरकुरतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, मोजणीच तशी आहे. तिला अर्ध्या अंतराची सवलत द्यावी तर ती किती द्यायची यावर वाद होतात, आणि सवलत दिल्याची जाणीव सगळ्यांना राहते.

धावण्याचे प्रशिक्षक एक वेगळा हिशेब वापरतात, तो शाळेत फार उपयोगी पडतो. चौघांचा उभ्या जागेवरून तीस मीटरचा प्रत्येकी वेळ घ्यायचा आणि बेरीज करायची. मग तोच संघ रिले पळवायचा. देवघेव चांगली झाली तर रिलेचा वेळ बेरजेपेक्षा कमी येतो, कारण पहिला सोडून सगळे चालत्या वेगात बॅटन घेतात. बेरजेच्या किती टक्के वेळ वाचला, तो संघाचा गुण. कोण मुळात किती वेगवान आहे हे बेरजेतच आलेलं असतं, म्हणून गुणांमध्ये मुख्यतः कौशल्य मोजलं जातं. आणि तोच तर आपला धडा आहे.

या मुलीच्या संघाचे वेळ घेऊ : 5.8, 6.0, तिचे 18.0, आणि 6.2. बेरीज 36.0 सेकंद. पहिल्या प्रयत्नात ती ब्रेक लावून, खुर्ची उभी ठेवून बॅटनची वाट पाहत होती. बॅटन मिळाल्यावर ब्रेक काढला, बॅटन ठेवला, मग निघाली. चौथा धावक पुढे पळून गेला आणि परत मागे आला. रिलेचा वेळ 36.4, म्हणजे बेरजेहून जास्त. शेजारच्या संघाची बेरीज 24.0 होती, त्यांनी 22.3 सेकंदांत फेरी पूर्ण केली, 1.7 सेकंद वाचवले, म्हणजे सात टक्के.

मग खूण सोळा मीटरवर नेली, ब्रेक उघडा ठेवला, हाकेचा सराव केला, चौथ्याला मीटरभराचं सांगितलं. त्याच संघाचा वेळ 33.1 आला. 2.9 सेकंद वाचले, म्हणजे आठ टक्के. आता हा संघ पुढे आहे, आणि कोणी कोणाला काही सोडलेलं नाही. त्या 2.9 पैकी मोठा वाटा तिच्या एका देवघेवीतून आला, कारण थांबलेल्या खुर्चीने गमवायचा वेळ जास्त होता आणि चालत्या खुर्चीने कमवायचाही. हा हिशेब मुलांनी फळ्यावर स्वतः मांडायला हवा. कोणाच्या बदलात किती वाचलं हे त्यांनी शोधलं की ती संघातला कच्चा दुवा आहे ही समजूत भाषण न देता जाते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. हाताने स्टॉपवॉच दाबताना दोन-तीन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतात, म्हणून प्रत्येकाचे दोन वेळ घेऊन चांगला तो धरावा. एकेकट्या वेळेत मुद्दाम हळू पळून बेरीज फुगवणं मुलांना लगेच सुचतं. दोनपैकी चांगला वेळ धरला की ते बरंच आटोक्यात येतं, आणि वेळ घेताना दोघांना शेजारी-शेजारी पळवलं की उरलंसुरलंही जातं. तिचा वेळ पेव्हर ब्लॉकवरच घ्यायला हवा, जिथे ती रिलेत चालवणार तिथेच. मुरमावर घेतला तर हिशेब खोटा होतो.

एकाच तासात हे सगळं बसत नाही, बसवूही नये. पहिल्या तासाला प्रत्येकाचा वेळ घ्यावा आणि जोडीजोडीने देवघेवीचा सराव करावा. सगळे संघ एकाच वेळी सराव करतात, त्यामुळे कोणी बसून राहत नाही. तीही सरावात इतरांइतक्याच वेळा घेते आणि देते. ती दोनदा करून थांबली आणि बाकीच्यांनी दहादा केलं, असं होत असेल तर आखणी चुकते आहे. दुसऱ्या तासाला संघ एकेक करून फेरी मारतो. आठ संघांना प्रत्येकी मिनिटाच्या आत वेळ लागतो, दोन फेऱ्या सहज होतात. मधल्या वेळी बाकीचे संघ आपली खूण पुढे-मागे करत राहतात.

बिघडतंय हे कुठे दिसतं? येणाऱ्या मुलाच्या शेवटच्या पाच मीटरवर नजर ठेवावी. खुर्चीजवळ येताना तो वेग मारत असेल तर त्याला धडकेची भीती वाटते आहे. उपाय म्हणजे बाजूची रेघ आणखी दूर आखणं. 'घाबरू नको' म्हणून काही होत नाही. तिचे खांदे कानांपर्यंत वर चढू लागले, किंवा ती छोटे-छोटे भराभर धक्के देऊ लागली, तर ती दमली आहे. लांब, सावकाश धक्के जातील तेवढाच सराव घ्यावा. बॅटन वारंवार पडतोय तो बहुधा हाक उशिरा दिल्यामुळे. आणि संघातली मुलं तिच्याशी न बोलता तिच्याबद्दल सरांशी बोलू लागली, 'सर, हिची खूण किती मागे घ्यायची?', तर तो प्रश्न तिच्याकडेच वळवावा. खूण तिची आहे, ती तिने ठरवायची.

प्रत्येक मुलाला हा आराखडा लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारात स्नायू हळूहळू क्षीण होत जातात, आणि दमेपर्यंत जोर लावणं त्यांना अपायकारक ठरू शकतं. अशा मुलाला हाताने खुर्ची ढकलायला लावून वेळ काढू नये. त्याच्याकडे विजेवर चालणारी खुर्ची असेल तर त्याचा टप्पा तिच्यावर ठेवावा, डॉक्टरांना विचारून. वेग ठरलेला असला तरी खूण, हाक, घेणं आणि देणं सगळं त्याचंच असतं. फक्त ती खुर्ची फार जड असते, तिच्याभोवतीची मोकळी जागा दुप्पट ठेवावी. सेरेब्रल पाल्सी असलेली काही मुलं पायांनी जमीन रेटत खुर्ची उलटी, पाठ पुढे करून जास्त चांगली चालवतात. तसं असेल तर टप्पा तसाच जाऊ द्यावा. त्यात एक सोय अशी की मागून बॅटन घेऊन येणारा त्याला समोर दिसतो. मात्र जाण्याची दिशा पाठीमागे असल्याने समोरचा रस्ता सांगणारी हाक संघातल्या कोणीतरी द्यावी लागते.

काही शाळा जवळच्या संस्थेकडून दोन-तीन जादा खुर्च्या आणतात आणि प्रत्येक संघाचा एक टप्पा खुर्चीवरचा ठेवतात. हे छान जमतं, पण एक अट आहे : तिची स्वतःची खुर्ची कोणाला बसायला द्यायची नाही. ती तिच्या मापाची असते, आणि तिच्यातून तिला बाकावर बसवून खुर्ची वर्गभर फिरवणं म्हणजे तिची चालण्याची सोय काढून घेणं. जादा खुर्च्यांवर बाकीची मुलं बसली की पहिल्याच दिवशी समजतं, रोज खुर्ची वापरणारी मुलगी त्यांच्याहून बरीच पुढे आहे. सरळ जाणं, कडीवरचा जोर सारखा ठेवणं, तळव्यांनी थांबवणं या गोष्टी तिने वर्षानुवर्षं केलेल्या असतात. मग मुलं तिच्याकडे शिकायला येतात आणि तो तास काही मिनिटं ती घेते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या सोळाव्या कलमात शैक्षणिक संस्थांनी दिव्यांग मुलांना खेळ आणि मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात असं लिहिलेलं आहे. मुख्याध्यापक 'धोका नको' म्हणाले तर हे कलम दाखवावं, आणि सोबत मैदानाचा आराखडा, रेघांची जागा आणि मोकळ्या पाच-सहा मीटरचा नकाशा ठेवावा. धोक्याची शंका नुसत्या कायद्याने जात नाही. रेघा बघितल्या की ती कमी होते.

अडचण राहते ती वार्षिक क्रीडादिनाची. तिथे आठ पट्टे, झेंडे, पाहुणे आणि एकाच वेळी सुटणारे संघ असतात. टक्क्यांचा हिशेब लाउडस्पीकरवरून सांगता येत नाही असं आयोजकांना वाटतं. सांगता येतो. सगळ्या संघांची बेरीज आदल्या आठवड्यात काढून फलकावर लावायची. ज्यांची बेरीज सगळ्यांत मोठी त्या संघाला आधी सोडायचं आणि बाकीच्यांना बेरजेतल्या फरकाइतके सेकंद थांबवून. वरच्या उदाहरणात 36 ची बेरीज असलेला संघ शिट्टीवर निघेल आणि 24 चा संघ बारा सेकंदांनी. म्हणजे जो संघ आधी रेघ ओलांडेल, त्याने आपल्या बेरजेतले सर्वांत जास्त सेकंद वाचवलेले असतील. वरच्या उदाहरणात टक्के मोजले तरी निकाल तोच राहतो, आणि पाहुण्यांना बघायला खरी शर्यत मिळते. वेगवेगळ्या वेळी सोडायचं म्हणजे प्रत्येक संघाजवळ झेंडा घेतलेला एक मुलगा आणि हातात घड्याळ लागेल. एवढी मुलं शाळेत असतातच. पेव्हर ब्लॉकचा रस्ता त्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांना द्यायचा नाही, हे मात्र सकाळीच रखवालदाराला सांगून ठेवावं लागतं.